काम वेळेत होतं, मग डोकं का दमतं?



"सर, दिवसभर एक मिनिट बसले नाही. ऑर्डरी पण वेळेत दिल्या. पण रात्री आठला शटर ओढलं की घरी कुणी दोन शब्द बोललं तरी नको वाटतं." आमच्या प्रत्येक बॅचमध्ये असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. कधी टेलरिंगवाल्या ताई, कधी केक करणाऱ्या, कधी मोबाईल रिपेअरिंगवाला मुलगा.

यावर नेहमीचं उत्तर तुम्ही ऐकलेलं असेल: "धंदा म्हटलं की दहा कामं एकाच वेळी करावीच लागतात, सवय होईल." मला हे पटत नाही. दुसरंही एक उत्तर असतं: "सारखं काम बदललं की वेळ वाया जातो, एका वेळी एकच काम करा." हे ऐकायला बरोबर वाटतं, पण दुकानदाराला ते पटत नाही. का पटत नाही, ते आधी बघू.

वेळ जात नाही, म्हणूनच आपण फसतो

ग्लोरिया मार्क या अमेरिकेतल्या संशोधक गेली अनेक वर्षं ऑफिसमधल्या लोकांच्या कामात येणाऱ्या व्यत्ययांचा अभ्यास करत आहेत. २००८ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग मांडला. लोकांना ईमेलना उत्तरं लिहायचं काम दिलं. काहींना शांतपणे करू दिलं, काहींना मध्येच फोन करून किंवा मेसेज पाठवून प्रश्न विचारले. तुम्हाला काय वाटतं, ज्यांना सारखं अडवलं त्यांना जास्त वेळ लागला असेल?

उलट झालं. व्यत्ययाचा वेळ वगळून बघितलं तर त्यांनी काम लवकर संपवलं. उत्तरं थोडक्यात लिहिली, पण चुका काही वाढल्या नाहीत. फरक दुसरीकडे दिसला. काम झाल्यावर विचारलं तेव्हा अडवलेल्या लोकांनी ताण, वैताग, वेळेचं दडपण आणि करावी लागलेली मेहनत, हे सगळं जास्त असल्याचं सांगितलं.

आता हे आपल्या दुकानात आणून बघा. मध्ये मध्ये लोक आले, फोन आले, म्हणून आपण हात भरभर चालवतो. संध्याकाळी ऑर्डर पूर्ण होते. मग आपल्याला वाटतं की सिस्टीम बरोबर चालली आहे. कारण आपण फक्त काम मोजतो, त्याची किंमत कशातून दिली ते मोजत नाही. ती किंमत घड्याळातून जात नाही, डोक्यातून जाते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: एकाच कामाचा बंद वेळ ठेवायचा तो जास्त माल काढण्यासाठी नाही. तेवढ्याच कामात तुमचं डोकं कमी झिजावं म्हणून ठेवायचा. आणि तो सगळ्या कामांना लावायचा नाही. कुठल्या कामाला लावायचा, हे ओळखणं हाच खरा मुद्दा आहे.

(जाता जाता: "एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात" हे वाक्य तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. त्याचं मूळ मार्क यांच्याच निरीक्षणांत आहे. पण त्यात मेंदूला परत लक्ष लागायला किती वेळ लागतो हे मोजलेलं नव्हतं. अडलेल्या मूळ कामाकडे लोक किती वेळाने परत आले, ते मोजलं होतं, आणि मधल्या वेळात त्यांनी दुसरी कामं केलेली होती. त्यामुळे गिऱ्हाईकाने भाव विचारला की तुमची २३ मिनिटं बुडाली, असा हिशोब मांडू नका.)

हातातलं काम आणि डोक्यातलं काम

उदाहरण ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंचं घेऊया, कारण आमच्या बॅचमध्ये त्या नेहमी असतात आणि त्यांच्या कामात हा फरक अगदी डोळ्यांना दिसतो.

समजा, तालुक्याच्या गावात बाजारपेठेत एक छोटा गाळा आहे. ताई एकट्याच, मदतीला एक मुलगी. लग्नसराईचे दिवस. सकाळी साडेअकरा वाजता ताई काठापदराच्या साडीतला ब्लाऊज कापायला घेतात. आता त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय काय आहे, बघा. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी आणि घेर, पुढचा गळा, मागचा गळा. ही मापं वहीत आहेत, पण कापताना ती डोक्यात धरावी लागतात. त्याशिवाय गिऱ्हाईकाने सांगितलेलं, "मागच्या वेळी बाही दंडाला घट्ट झाली होती," हेही धरायचं. शिलाईसाठी कापड किती सोडायचं, अस्तर भिजवून घेतलंय का, काठ बाहीला लावायचा तर तो दोन्ही बाह्यांना पुरेल असा कसा ठेवायचा, हे सगळं.

तेवढ्यात व्हॉट्सअॅप वाजतं: "ताई, माझा झाला का?" ताई उत्तर देतात. मग दारात एक बाई साडी घेऊन येते, फॉल-पिको कधी मिळेल. मदतनीस मुलगी विचारते, या पिसाला दोरा कुठला? मग कुणीतरी गळ्याच्या डिझाईनचा फोटो पाठवून "याचे किती घेता" विचारतं. एकेका गोष्टीला एक मिनिटसुद्धा लागत नाही. पण प्रत्येक वेळी परत कापडाकडे आल्यावर ती सगळी मापं डोक्यात पुन्हा भरावी लागतात. पुढचा गळा मारून झाला होता की मागचा? हा खडू शिलाईचा की कापायचा?

इथे चूक झाली तर कशी होते, तेही ठरलेलं आहे. बाहीच्या पुढच्या आणि मागच्या मुंढ्याचा आकार वेगळा असतो. लक्ष तुटलेलं असताना दोन्ही बाह्या एकाच बाजूने ठेवून कापल्या, तर दोन्ही एकाच हाताच्या होतात. साधं कापड असेल तर दुसरं आणता येतं. साडीचा काठ दुसरा कुठून आणणार? ताईंना हे माहीत असतं, म्हणून त्या दरवेळी दोनदा तपासतात. चूक होत नाही. पण ती होऊ नये म्हणून जे पुन्हा पुन्हा तपासणं चालतं, तेच संध्याकाळी डोकं जड करतं.

आता त्याच ताई दुपारी हुक-आय लावायला बसतात. हेमिंग करतात. तेव्हाही फोन येतो, गिऱ्हाईक येतं. पण त्रास होत नाही. कारण कुठे थांबलो ते सुईच सांगते. चार हुक लागले, दोन राहिले, समोर दिसतंय. डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही.

म्हणजे कामं दोन प्रकारची झाली. एक, ज्यात आपण कुठे आहोत ते कामच सांगतं. दुसरं, ज्यात आपण कुठे आहोत ते फक्त आपल्या डोक्यात असतं. केकवाल्या ताईंचं बॉक्स पॅकिंग पहिल्यात, आणि नव्या केकचा कॉस्टिंग काढणं दुसऱ्यात. रिपेअरिंगवाल्या मुलाचं ग्लास बदलणं पहिल्यात, आणि बोर्डवरचा फॉल्ट शोधणं दुसऱ्यात. माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. तिथे माल घड्या घालून लावणं पहिल्यात, आणि कुठल्या साईजचे किती पीस मागवायचे ही खरेदीची यादी दुसऱ्यात.

बंद वेळ फक्त दुसऱ्या प्रकारच्या कामाला द्यायचा. सगळ्याच कामांना द्यायला गेलात तर दुकान चालणार नाही आणि आठवड्यात तुम्ही ते सोडून द्याल.

तासाचा बंद वेळ कसा बसवायचा

आपल्या ब्लाऊजवाल्या ताईंचंच पुढे नेऊ.

आदल्या रात्री शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं. उद्या कापायचे तीन ब्लाऊज काढायचे. प्रत्येक पिसासोबत मापाची चिठ्ठी, अस्तर आणि दोरा एकत्र बांधून ठेवायचे. अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री झालेलं आहे का ते आत्ताच बघायचं. हे का? कारण बंद वेळेत अस्तर शोधायला उठलात की वेळ मोडला. तयारी हे पहिल्या प्रकारचं काम आहे, ते गडबडीतही जमतं.

सकाळी साडेनऊ ते साडेदहा, शटर अर्धं खाली. फक्त कटिंग. हात बसलेल्या ताईंना अस्तराच्या साध्या ब्लाऊजच्या कटिंगला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे तासात तीन. एक पूर्ण कापून, चिठ्ठीसकट गुंडाळून बाजूला ठेवायचा, मगच दुसरा उघडायचा. टेबलावर एका वेळी एकच कापड. तासभर झाला आणि तिसरा अर्धा राहिला तर? तो संपवा आणि मग शटर उघडा. अर्धवट कापलेलं कापड घेऊन गिऱ्हाईकाशी बोलायला जाऊ नका.

याला कारण आहे. सोफी लेरॉय या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की पहिलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं कामही नीट होत नाही. म्हणून बंद वेळ घड्याळाच्या काट्यावर तोडायचा नाही, कामाच्या सांध्यावर तोडायचा. २५ मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी ही पोमोडोरो पद्धत तुम्ही ऐकली असेल. अभ्यासाला ती ठीक आहे. पण कात्री कापडात असताना गजर वाजला म्हणून थांबायचं, हे आपल्या कामात बसत नाही. आपला गजर म्हणजे पीस पूर्ण होणं.

साडेदहा ते दुपारी दोन दुकान सताड उघडं. या वेळात शिलाई, हुक, फॉल-पिको, मापं घेणं, गप्पा, सगळं. अडवणूक होणारच आहे, होऊ दे. मदतनीस मुलीला मात्र एक सवय लावायची: सकाळच्या तासात जे प्रश्न पडतील ते पाटीवर लिहायचे, साडेदहाला एकदम विचारायचे. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिची तिलाच सापडतात.

दुपारी अडीच ते सव्वातीन बाजार थंड असतो. तेव्हा दुसरा बंद वेळ, हिशोबाचा. कुणाचे किती बाकी, कुठल्या तारखेला काय द्यायचंय, नव्या डिझाईनचा दर काय लावायचा. दिवसात असे दोनच. तिसरा ठेवायच्या भानगडीत पडू नका.

फोनचं काय?

"सर, फोन बंद ठेवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." ही भीती खोटी नाही. पण गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय ते बघा. "झाला का?" विचारणाऱ्या बाईला लगेच उत्तर नको असतं, तिला तारीख हवी असते. ती तारीख माप घेतानाच पावतीवर लिहून दिली असती, तर बरेचसे मेसेज आलेच नसते. म्हणजे फोन सायलेंट करण्याआधी फोन का वाजतो ते दुरुस्त करायचं.

उरलेल्यांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये अवे मेसेजची सोय आहे, ती ठरलेल्या वेळेसाठी लावता येते. मजकूर साधा ठेवा: "नमस्कार, सध्या कटिंग चालू आहे. तुमचा मेसेज मिळाला. ११ वाजता उत्तर देते." यातला ११ चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. "लवकरच संपर्क करू" लिहिलंत तर समोरचा पाच मिनिटांनी पुन्हा विचारणार. आणि ११ लिहिलं की ११ ला उत्तर गेलंच पाहिजे. दोन दिवस चुकलात तर तिसऱ्या दिवशी लोक सरळ फोन करतात. दर, वेळ, पत्ता यांची ठरलेली उत्तरं क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवा, म्हणजे ११, २ आणि ६ अशा तीन वेळा बसून सगळे मेसेज एकत्र निपटतात.

आणि घरचं काही तातडीचं असेल तर? फोनच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये घरच्या दोन-तीन नंबरांना परवानगी देता येते. तेवढे नंबर घाला. वीस नंबर घातले तर मग बंद वेळ कसला?

मोडलाच तर

रोज हा तास पूर्ण मिळेल असं नाही. दारात नवरीची आई उभी राहील, वीज जाईल, मुलाच्या शाळेतून फोन येईल. तेव्हा करायची एकच गोष्ट आहे आणि तिला अर्धं मिनिट लागतं. उठायच्या आधी चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: कुठे थांबले आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. "पाठ कापली. पुढचा भाग मारलाय, कापायचा आहे. बाही काठाची, जोडीने ठेवून कापणे." ती चिठ्ठी कापडाला टाचणीने लावा आणि मग उठा.

लेरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ साली हेच तपासलं. काम सोडण्याआधी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करू हे ज्यांनी पटकन लिहून ठेवलं, त्यांचं मधल्या कामात लक्ष चांगलं लागलं. म्हणजे चिठ्ठीचा फायदा फक्त परत आल्यावर होतो असं नाही. नवरीच्या आईशी बोलताना तुम्ही खरंच तिच्याशी बोलता. मन टेबलावरच्या कापडात राहत नाही. गिऱ्हाईकाला हा फरक लगेच कळतो.

जमतंय की नाही, ते कसं ओळखायचं

"छान वाटतंय" यावर जाऊ नका. दोन आठवडे भिंतीवर एक कागद लावा आणि रोज दोनच गोष्टी लिहा. एक, शटर ओढताना टेबलावर किती पीस अर्धवट उघडे आहेत. दोन, आज पुन्हा उसवावं लागलं असे किती. पहिला आकडा कमी होत असेल तर बंद वेळ काम करतोय. कारण जेवढे पीस अर्धवट, तेवढे डोक्यात घेऊन तुम्ही घरी जाता.

उलट, कुणी अडवलेलं नसताना तुम्हीच वीस मिनिटांनी फोन उचलून बघत असाल, तर तास तुम्हाला सध्या जास्त होतोय. एकाच ब्लाऊजवर या. एक पूर्ण करा, मग फोन बघा. आठवड्याने दोन करा.

आणि दोन्ही आकडे जराही हलत नसतील, तर दुखणं वेगळं आहे. दिवसाला चार ब्लाऊज निघतात आणि तुम्ही सात घेतलेत, तर कुठलाही बंद वेळ तुम्हाला वाचवणार नाही. तिथे ऑर्डर नाकारणं किंवा पुढची तारीख देणं हेच उत्तर आहे. तसंच, ज्यांचा धंदाच हाकेला ओ देण्याचा आहे, म्हणजे चहाची टपरी, मेडिकलचा काऊंटर, त्यांनी दुकान उघडं असताना हा प्रयोग करू नये. त्यांचा बंद वेळ शटर उघडायच्या आधी किंवा नंतर, तोही फक्त हिशोब आणि खरेदीच्या यादीसाठी. दुकानात दोघं असाल तर आळीपाळीने: एक काऊंटरवर, एक आत.

मदतीला कुणीच नाही आणि तास काढणं अजिबात शक्य नाही, असंही अनेकांचं असतं. त्यांनी निदान चिठ्ठी आणि टाचणी सुरू करावी. त्याला वेगळा वेळ लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

आज एवढंच करा. तुमच्या रोजच्या कामांची यादी लिहा आणि प्रत्येकासमोर एक खूण करा: थांबलो तर कुठे थांबलो ते काम सांगतं, की मलाच आठवावं लागतं? "मलाच आठवावं लागतं" अशी दोन-तीनच कामं निघतील. उद्या सकाळी त्यातल्या एकाला शटरच्या आधीचा वेळ द्या. तुमची ती कामं कुठली निघाली ते कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातली काही उदाहरणं घेऊ.